चिकणमातीची क्रांतिक अवस्था

चिकणमातीच्या ताकदीला एकच ठरलेला आकडा नसतो. पोलादाच्या सळईची ताकद कारखान्याच्या दाखल्यावर छापून येते. एकाच खड्ड्यातून काढलेले चिकणमातीचे दोन गोळे मात्र ताकदीत चौपट फरक दाखवू शकतात, आणि तेच दोन गोळे वेगळ्या रीतीने तपासले तर शेवटी अगदी सारखे निघू शकतात. असे का होते, याचे सुसंगत उत्तर विसाव्या शतकाच्या मध्यात केंब्रिज विद्यापीठात मिळाले. केनेथ रॉस्को, अँड्र्यू स्कोफिल्ड आणि पीटर रॉथ यांनी १९५८ साली एका निबंधात ते मांडले, आणि पुढे १९६८ साली स्कोफिल्ड व रॉथ यांनी त्यावर ग्रंथ लिहिला. या उत्तराच्या मुळाशी असलेली कल्पना म्हणजे मातीची ‘क्रांतिक अवस्था’.

कल्पनेचा गाभा थोडक्यात सांगता येतो. माती सरकवत राहिले, म्हणजे तिचा एक भाग दुसऱ्यावरून घसरवत राहिले, की सुरुवातीला तिचे घनफळ बदलते. सैल माती आक्रसते, घट्ट माती फुगते. हा बदल कायम चालत नाही. पुरेसे सरकल्यावर अशी एक स्थिती येते की माती वाहत्या लगद्यासारखी सरकत राहते, पण तिचे घनफळ बदलत नाही, तिच्यावरचा दाब बदलत नाही आणि सरकण्याला होणारा विरोधही बदलत नाही. हीच क्रांतिक अवस्था. दाब ठरला की या अवस्थेतली पोकळी ठरते आणि ताकदही ठरते. सुरुवातीला माती कशी होती, याला तिथे महत्त्व उरत नाही.

यातली ‘पोकळी’ आधी समजून घ्यायला हवी. चिकणमातीचे कण दोन मायक्रॉनहूनही बारीक आणि पापुद्र्यासारखे चपटे असतात. त्यांच्यामध्ये बरीच मोकळी जागा राहते आणि भूजलाच्या पातळीखाली ती सगळी पाण्याने भरलेली असते. म्हणजे अशा मातीचे घनफळ बदलायचे तर पाणी आत तरी यायला हवे किंवा बाहेर तरी जायला हवे, कारण कण दाबले जात नाहीत आणि पाणीही जवळपास दाबले जात नाही. एक सोय मात्र यातून होते: पोकळी मोजायला वेगळे यंत्र लागत नाही. मातीचा तुकडा वजन करावा, भट्टीत १०५ अंशांवर वाळवावा, पुन्हा वजन करावे. गेलेल्या पाण्याचे कोरड्या मातीशी जे टक्केवारीतले प्रमाण येते, तेच पोकळीचे माप. पुढे ‘पाण्याचे प्रमाण’ असे जिथे म्हटले आहे, तिथे हेच समजायचे.

दुसरी गोष्ट दाबाची. जमिनीतल्या एखाद्या जागी वरच्या थरांचा जो भार येतो, त्यातला काही पाणी उचलते आणि उरलेला कणांवर येतो. घर्षण होते ते कणांमध्ये, त्यामुळे ताकद ठरवणारा दाब म्हणजे एकूण दाबातून पाण्याचा दाब वजा करून उरणारा. त्याला प्रभावी दाब म्हणतात. कार्ल टेर्झाघी यांनी १९२०च्या दशकात हा नियम मांडला आणि मृदाशास्त्र खऱ्या अर्थाने उभे राहिले. क्रांतिक अवस्थेचा सगळा डोलारा याच नियमावर आहे.

घट्ट माती सरकताना फुगते, ही गोष्ट मात्र त्याहून जुनी. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८५ साली वाळूबद्दल ती दाखवली. ओल्या पुळणीवर पाय ठेवला की पावलाभोवतीची वाळू क्षणभर कोरडी दिसते, ती याचमुळे: वाळूचे दाणे एकमेकांवर चढतात, पोकळी वाढते आणि वरचे पाणी आत ओढले जाते. चिकणमातीतही हेच घडते, फक्त पाण्याला तिच्यातून वाट काढायला दिवस, महिने, कधी कधी दशके लागतात. या एका फरकातून बांधकामातली बरीच संकटे जन्माला येतात.

हे सगळे प्रयोगशाळेत कसे दिसते ते पाहू. मातीचा ३८ मिलिमीटर व्यासाचा आणि ७६ मिलिमीटर उंचीचा दंडगोल कापून घेतात, त्याला रबराची पातळ पिशवी चढवतात आणि पाण्याने भरलेल्या पारदर्शक कोठीत उभा करतात. कोठीतल्या पाण्याचा दाब नमुन्याला सगळीकडून आवळतो. नमुन्याच्या बुडाशी सच्छिद्र चकती असते. तिच्यातून एक नळी बाहेर येते. नळीची तोटी उघडी ठेवली तर नमुन्यातून किती पाणी गेले किंवा आत आले ते मोजनळीत वाचता येते. तोटी बंद केली तर आतल्या पाण्याचा दाब किती चढला किंवा उतरला ते कळते. मग वरून दांड्याने नमुना हळूहळू दाबत नेतात. दांड्याने दिलेला जादा दाब म्हणजे माती सरकायला लावणारा दाब.

आता लंडन क्लेचे, म्हणजे लंडन शहराखाली पसरलेल्या निळसर-करड्या चिकणमातीचे, दोन नमुने घेऊ. दोन्ही एकाच मळलेल्या गाळातून बनवलेले. पहिला नमुना आवळदाब हळूहळू वाढवून १०० किलोपास्कलला आणला. हा दाब साधारण दहा मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाएवढा होतो. दुसरा नमुना आधी १००० किलोपास्कलने आवळला आणि मग दाब कमी करत १००वर आणून सोडला. आज दोघांवर दाब सारखाच आहे, पण इतिहास वेगळा. या मातीसाठी पाठ्यपुस्तकांत दिलेले स्थिरांक वापरून हिशेब केला, तर पहिल्यात पाणी सुमारे ४० टक्के आणि दुसऱ्यात सुमारे ३२ टक्के येते. दाब काढल्यावर दुसरा थोडा फुगला खरा, पण एकदा घट्ट बसलेले कण पूर्ण मागे जात नाहीत. पहिल्याला मऊ आणि दुसऱ्याला कडक म्हणू.

तोटी उघडी ठेवून दोन्ही नमुने अगदी सावकाश दाबले. मऊ नमुन्यातून पाणी बाहेर येऊ लागते, तो आक्रसत जातो आणि ताकद धीम्या गतीने चढत राहते. कडक नमुना सुरुवातीला किंचित आक्रसतो, पण लवकरच पाणी आत ओढायला लागतो. त्याची ताकद झटक्यात चढते, एका कमाल टोकाला पोहोचते आणि मग उतरते. शेवटी दोघे एकाच ठिकाणी येतात: सरकवणारा दाब सुमारे १२५ किलोपास्कल आणि पाणी सुमारे ३५ टक्के. एकाने पाच टक्के पाणी सोडले, दुसऱ्याने तीन टक्के घेतले, आणि दोघांचे इतिहास पुसले गेले.

कडक मातीच्या त्या कमाल टोकाचे कारण समजले की बराच गुंता सुटतो. फुगायचे म्हणजे भोवतालच्या दाबाविरुद्ध जागा करून घ्यायची, आणि त्याला काम करावे लागते. दांड्याला त्या टोकापाशी जो जादा जोर लावावा लागतो, त्यातला मोठा भाग या कामात खर्च होतो. डोनाल्ड टेलर यांनी १९४८ साली वाळूच्या बाबतीत हा हिशेब दाखवला होता. फुगणे थांबले की तो जादा विरोधही संपतो. जुन्या पद्धतीत हा जादा भाग मातीचा ‘चिकटपणा’ म्हणून वेगळ्या आकड्यात धरला जाई, जणू कणांमध्ये सरस लावलेला आहे. केंब्रिजच्या मंडळींचे म्हणणे असे की मळलेल्या मातीत असा सरस जवळपास नसतोच. जे असते ते घर्षण आणि कणांची एकमेकांत अडकण. स्कोफिल्ड यांनी हा मुद्दा पुढे अनेक वर्षे हट्टाने लावून धरला, आणि मळलेल्या मातीपुरता तरी तो त्यांच्या बाजूने जातो.

आता तोटी बंद करू. तेच दोन नमुने, तोच १००चा आवळदाब, पण पाण्याला ये-जा नाही. घनफळ बदलता येत नाही, म्हणून या वेळी प्रभावी दाबालाच बदलावे लागते. मऊ माती आक्रसू पाहते, पाणी बाहेर जाऊ शकत नाही, त्यामुळे भार पाण्यावर येतो. पाण्याचा दाब चढतो, कणांवरचा दाब उतरतो आणि नमुना सुमारे ५० किलोपास्कललाच हार मानतो. कडक माती फुगू पाहते, बाहेरून पाणी मिळत नाही, त्यामुळे आतल्या पाण्यावर ओढ येते, त्याचा दाब शून्याखाली जातो आणि कण एकमेकांवर अधिक आवळले जातात. हा नमुना सुमारे २०० किलोपास्कलपर्यंत टिकतो.

चारही आकडे शेजारी ठेवले की सगळे चित्र दिसते. मऊ माती घाईने दाबली तर ५० आणि निवांत दाबली तर १२५. कडक माती घाईने दाबली तर २०० आणि निवांत दाबली तर १२५. मऊ मातीला काळ ताकद देतो आणि कडक मातीची ताकद काळ काढून घेतो.

या आकड्यांतून आणखी एक गोष्ट निघते. तोटी बंद असताना ताकद ठरवते ते फक्त पाण्याचे प्रमाण. लंडन क्लेमध्ये पाणी चार टक्क्यांनी वाढले की ताकद साधारण निम्मी होते, आणखी चार टक्क्यांनी वाढले की त्याच्या निम्मी. ३२ टक्क्यांना २०० आणि ४० टक्क्यांना ५०, हे याच प्रमाणात बसते. म्हणून मातीचा नमुना काढताना, मेणात बंद करताना, गाडीतून नेताना तो जरासा सुकला किंवा ओलावला, तर हाती येणारा आकडा कागदावर कितीही नेटका दिसो, तो त्या जमिनीचा उरत नाही.

कडक मातीबद्दलची गोष्ट लंडनच्या वायव्य उपनगरांतल्या रेल्वेमार्गांवर प्रत्यक्ष घडली. लंडन क्ले सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी साचली. तिच्यावर नंतर शेकडो फूट थर चढले आणि कालांतराने झिजून गेले. म्हणजे निसर्गानेच तिला आधी जोरात आवळले आणि मग सोडले, आपल्या दुसऱ्या नमुन्यासारखे. रेल्वेसाठी तिच्यात कटिंगे खोदली, तेव्हा उतार सहज उभे राहिले. ताज्या खोदाईच्या वेळच्या ताकदीवर हिशेब केला तर ते चांगलेच सुरक्षित ठरत. पण नॉर्थोल्ट येथील उतार खोदल्यानंतर १९ वर्षांनी घसरला, आणि सडबरी हिल येथील ४९ वर्षांनी. ना भूकंप, ना पूर, ना वर नवा भार. एवढी वर्षे उभा असलेला उतार एकाएकी का जावा?

लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमधील अॅलेक स्केम्प्टन यांनी अशा घटनांचा पिच्छा पुरवला आणि १९६४ च्या आपल्या रँकिन व्याख्यानात त्या एकत्र मांडल्या. कारणाचा पहिला धागा पाण्याचा आहे. खोदाई म्हणजे वरचा भार काढणे. भार गेला की माती फुगू पाहते, पण पाणी लगेच आत येऊ शकत नाही, त्यामुळे आत ओढ निर्माण होते आणि कण आवळलेले राहतात. ही तात्पुरती ताकद. मग वर्षानुवर्षे पाणी मुंगीच्या पावलाने आत शिरते, ओढ कमी होते, माती सैल होत जाते. ही गती किती मंद असते ते पीटर व्हॉन आणि वॉलबँक यांनी १९७३ साली दाखवले: खोदाईला काही वर्षे उलटूनही उतारांतला पाण्याचा दाब आपल्या अखेरच्या पातळीला पोहोचलेला नव्हता. घसरण उशिरा होते त्याचे मुख्य कारण हेच.

दुसरा धागा ताकद किती धरायची याचा. न हलवलेल्या नमुन्यांवर प्रयोगशाळेत मिळणारी कमाल ताकद घसरलेल्या उतारांच्या हिशेबात बसत नव्हती, उतार त्याहून कमी ताकदीला गेले होते. स्केम्प्टन यांनी १९७०च्या एका टिपणात निष्कर्ष काढला की पहिल्यांदाच घसरणाऱ्या उतारांतली ताकद क्रांतिक अवस्थेतल्या ताकदीच्या आसपास असते. लंडन क्लेसाठी याचा अर्थ असा की घर्षणाचा कोन सुमारे २० अंश धरावा आणि चिकटपणा जवळपास शून्य. पाठ्यपुस्तकातला तो ‘सरस’ पन्नास वर्षांत विरून गेला होता. कडक मातीत असलेल्या बारीक भेगांनी त्याला हातभार लावला, कारण भेगांतून पाणी लवकर शिरते आणि माती आधी तिथेच सैल होते.

इथे प्रयोगशाळेतल्या चित्रात एक दुरुस्ती करावी लागते. आपल्या हिशेबात कडक नमुना सगळाच्या सगळा फुगून ३५ टक्क्यांना पोहोचला. प्रत्यक्षात तसे क्वचित होते. कमाल टोक ओलांडले की सरकणे एका तिरप्या, काही मिलिमीटर जाडीच्या पट्ट्यात एकवटते. त्या पट्ट्यातली माती पाणी ओढून क्रांतिक अवस्थेला जाते, आणि वरचे-खालचे दोन ठोकळे जवळपास जसेच्या तसे राहतात. पूर्ण नमुन्याचे पाणी मोजले तर सरासरी आकडा फसवतो. खरी गोष्ट पाहायची तर पट्टा सुरीने अलगद कापून तेवढ्याच मातीचे पाणी मोजावे लागते. घसरलेल्या उतारांतही खड्डे घेऊन हेच करतात: घसरणीच्या पृष्ठालगतची माती बोटाने दाबली तरी शेजारच्या मातीहून मऊ लागते आणि तिच्यातले पाणी जास्त निघते.

सरकणे आणखी पुढे, कित्येक सेंटिमीटर किंवा मीटर चालू राहिले तर क्रांतिक अवस्थाही शेवटची ठरत नाही. चपटे कण सरकण्याच्या दिशेला समांतर निजतात, पृष्ठ आरशासारखे चकचकीत होते, आणि लंडन क्लेचा घर्षणकोन २० वरून बारा-तेरा अंशांच्या आसपास येतो. याला अवशिष्ट ताकद म्हणतात. क्रांतिक अवस्थेत कण अजून अस्ताव्यस्त लोळत असतात, या अवस्थेत ते ओळीने पडलेले असतात. व्यवहारात याचा अर्थ असा की उतार पहिल्यांदा घसरणार असेल तर क्रांतिक ताकद धरावी, आणि जमिनीत जुनी घसरण दडलेली असेल तर अवशिष्ट. दोन्हींची गल्लत केली तर एकीकडे खर्च फुकट जातो आणि दुसरीकडे उतार जातो.

मऊ मातीची बाजू महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर पाहायला मिळते. ठाणे खाडीच्या काठी, नवी मुंबईपासून न्हावा-शेव्यापर्यंत, खाडीचा मऊ सागरी गाळ आहे. त्यावर पूर्वी कधी मोठा भार आलेला नाही, म्हणजे तो आपल्या पहिल्या नमुन्याचा सख्खा भाऊ. त्याच्यावर भराव एकदम टाकला तर पाण्याचा दाब चढतो आणि भराव कडेने खचून बाजूची जमीन उचलली जाते. धोका सगळ्यात जास्त असतो तो भराव टाकताना आणि लगेच नंतर. म्हणून भराव टप्प्याटप्प्याने चढवतात, गाळात उभ्या निचरापट्ट्या खोचून पाण्याला जवळची वाट देतात आणि पाण्याचा दाब उतरल्याचे मापकावर दिसल्याशिवाय पुढचा टप्पा टाकत नाहीत. गाळ खचतो तसतसे त्यातले पाणी कमी होते आणि ताकद वाढते. कंत्राटदाराला थांबणे महाग वाटते, पण ५० आणि १२५ यांतला फरक त्या थांबण्यातच मिळतो.

एखादी माती मऊ बाजूची की कडक बाजूची, हे ओळखायला नेहमी महागडी चाचणी लागत नाही. त्या खोलीवर आज जो प्रभावी दाब आहे, त्या दाबाला क्रांतिक अवस्थेत किती पाणी असायला हवे ते काढायचे आणि नमुन्यातल्या पाण्याशी ताडून पाहायचे. पाणी त्याहून जास्त असेल तर सरकताना माती आक्रसेल, कमी असेल तर फुगेल. पहिल्या बाबतीत चिंता आजची, दुसऱ्या बाबतीत चिंता वीस-पन्नास वर्षांनंतरची.

या कल्पनेच्या मर्यादा तिच्या गृहीतकांतच आहेत. ती मळलेल्या, पाण्याने पूर्ण भरलेल्या मातीवर रचली गेली. नॉर्वे-स्वीडनमधल्या काही मातींमध्ये कणांची नाजूक जुळणी असते. ती मोडली की माती एकाएकी पातळ होते, आणि साधे प्रतिमान ते आधी सांगू शकत नाही. दख्खनच्या काळ्या मातीची अडचण वेगळी आहे. वर्षाचा मोठा काळ तिच्या पोकळ्यांत पाण्याबरोबर हवाही असते, आणि अशा वेळी प्रभावी दाबाचा साधा नियम पुरा पडत नाही. अर्धवट ओल्या मातीसाठी बार्सिलोनातल्या अलोन्सो, जेन्स आणि होसा यांनी १९९० साली क्रांतिक अवस्थेच्या चौकटीत मातीतल्या पाण्याची ओढ ही आणखी एक राशी घातली. काळ्या मातीवरच्या पायासाठी ही चौकट वापरायची असेल, तर पाण्याच्या प्रमाणाबरोबर ही ओढही मोजावी लागते, आणि नेहमीच्या त्रिअक्षीय चाचणीत ती मोजली जात नाही.